‘गाळसंचय झाला’ असे लिहून घेणाऱ्या मार्गदर्शकांस

प्रति,
भंडारा जिल्ह्यातील महाविद्यालयांत मराठीतून प्रबंध, लघुप्रबंध व प्रकल्प-अहवाल लिहून घेणारे सर्व मार्गदर्शक प्राध्यापक यांस,



विद्यार्थ्याने कच्च्या मसुद्यात ‘तलावात गाळ साठला’ असे लिहावे, मार्गदर्शकाने तांबड्या शाईने ते खोडून ‘तलावात गाळाचा संचय झाला’ असे करावे, आणि पक्क्या प्रतीत त्याचे ‘तलावातील गाळसंचयाच्या प्रक्रियेत वाढ झाल्याचे निदर्शनास येते’ असे रूप व्हावे, हा प्रवास मराठीतून संशोधन लिहिणाऱ्या कोणालाही परका नाही. क्रियापदाने सांगायची गोष्ट नामाने सांगण्याच्या या रीतीला नामीकरण म्हणतात. ‘साठला’ या क्रियापदाच्या जागी ‘संचय’ हे नाम आले की वाक्याला शास्त्रीय डौल येतो, असा समज तिच्यामागे आहे, आणि तो अगदीच निराधार नाही, कारण नामीकरणावाचून कोणतीही विद्याशाखा चालत नाही. प्रस्तुत पत्राचा हेतू ती रीत टाकून द्या असे सांगण्याचा नसून, ती कोठे कामाची आहे आणि कोठे लेखनाला जड करते, एवढे एका उदाहरणावर दाखवण्याचा आहे. उदाहरणासाठी माजी मालगुजारी तलावांचा, म्हणजे जिल्ह्यात ज्यांना सर्रास ‘मामा तलाव’ म्हणतात त्यांचा विषय घेतला आहे. भूगोल, इतिहास आणि अर्थशास्त्र या तिन्ही विषयांच्या भंडाऱ्याच्या विद्यार्थ्याला तो सहज सुचतो, आणि त्याच्याविषयी लिहिताना नामांची रासही तितक्याच सहज पडते.

मराठी क्रियापद वाक्याच्या शेवटी येते आणि येताना बरेच काही सांगते. ‘गाळ साठला’ यातल्या ‘साठला’ या एका शब्दातून क्रिया होऊन गेल्याचे कळते, आणि त्याच धातूची ‘साठत आहे’, ‘साठत असे’, ‘साठू लागला’, ‘साठला असावा’ ही रूपे घेतली तर काळ, क्रियेचा टप्पा आणि लिहिणाऱ्याची खात्री किती, या तिन्ही गोष्टी प्रत्ययांतूनच उमगतात. ‘संचय’ या नामात यांपैकी काहीही उरत नाही. गाळ कधीकाळी साठला, अजून साठतो आहे, की पुढे साठेल अशी भीती आहे, हे त्या नामावरून सांगता येत नाही. जी माहिती क्रियापद फुकट देत होते ती आता वेगळे शब्द घालून द्यावी लागते, आणि ते शब्द घालायचे राहून गेले तरी वाक्य व्याकरणदृष्ट्या पुरे दिसते. शेवटचा हा मुद्दा महत्त्वाचा आहे, कारण क्रियापदाच्या वाक्यात राहिलेली उणीव कानाला लगेच खटकते, तर नामाच्या वाक्यात ती बेमालूम झाकली जाते.

तथापि मराठीतली सगळी नामीकरणे सारख्याच वजनाची नाहीत, आणि लेखनाच्या मार्गदर्शनात हा भेद सहसा सांगितला जात नाही. मो. के. दामले यांच्या १९११ सालच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त धातूंपासून होणाऱ्या शब्दांचा, म्हणजे धातुसाधितांचा, विस्ताराने विचार आहे. त्या शब्दांतले ‘-णे’ प्रत्ययाचे रूप (काढणे, सोडणे, रोवणे) नामासारखे चालत असले तरी क्रियापदाचा स्वभाव सोडत नाही. ‘गावकऱ्यांनी उन्हाळ्यात तलावातला गाळ काढणे’ या पदसमूहात कर्ता तृतीयेतच राहतो, कर्म जसेच्या तसे राहते, ‘उन्हाळ्यात’ हे क्रियाविशेषण जागचे हलत नाही, आणि नकार हवा असेल तर एक ‘न’ पुरतो: ‘गाळ न काढणे’. हीच गोष्ट ‘निष्कासन’ या संस्कृत घडणीच्या नामाने सांगू गेल्यास आतली सगळी रचना बदलावी लागते. कर्माला षष्ठी लागून ‘गाळाचे निष्कासन’ होते, कर्त्याला ‘गावकऱ्यांकडून’ किंवा ‘गावकऱ्यांद्वारे’ असे व्हावे लागते, नकारासाठी ‘निष्कासनाचा अभाव’ असे दुसरे नाम शोधावे लागते, आणि ‘वेळेवर काढणे’ यातल्या साध्या ‘वेळेवर’ला नामाचे विशेषण व्हायचे म्हणून ‘समयोचित’ हा पोशाख चढवावा लागतो. नवशिके लेखन एका नामावर कधी थांबत नाही, याचे कारण विद्यार्थ्याच्या हौसेत नसून या व्याकरणात आहे: एक तत्सम नाम आले की शेजारचे चार शब्द त्याच्यासाठी बदलावे लागतात, आणि बदललेल्या शब्दांतून पुन्हा नामेच निघतात.

षष्ठीची अडचण तर जुनीच आहे. धातूपासून झालेल्या नामाच्या योगात कर्ता आणि कर्म या दोहोंनाही षष्ठी होते, आणि दोन्ही एकदम आले तर ती कर्माला मिळते, अशी व्यवस्था पाणिनीने संस्कृतापुरती लावून ठेवली आहे. मराठीने संस्कृत नामे उचलली आणि त्यांच्याबरोबर ही संदिग्धताही घेतली. ‘पाटबंधारे विभागाची पाहणी’ म्हणजे विभागाने केलेली की विभागाची झालेली? ‘मालगुजारांचा विरोध’ यात विरोध करणारे मालगुजार आहेत, की ज्यांना विरोध झाला ते? बोलताना पुढचे वाक्य खुलासा करते. प्रबंधात पुढच्या वाक्यातही नामच असते. त्यात मराठीत षष्ठीचे पद नामाच्या आधी येत असल्याने ‘-च्या’, ‘-च्या’ अशी माळ लागते आणि वाचकाला शेवटचे नाम येईपर्यंत आधीची सगळी पदे मनात धरून बसावे लागते. तीन ‘च्या’पर्यंत हे निभते, पाचव्या ‘च्या’ला वाचक वाक्याच्या आरंभाकडे परत जातो.

आता एक वाक्य पूर्ण उलगडून पाहणे बरे. ते कोणा एका प्रबंधातून घेतलेले नसून, या घडणीचा नमुना म्हणून येथेच रचले आहे.

‘मालगुजारी पद्धतीच्या उच्चाटनानंतर तलावांच्या शासनाकडील हस्तांतरणामुळे देखभालीच्या जबाबदारीच्या निश्चितीच्या अभावी गाळाच्या संचयात वाढ होऊन साठवण क्षमतेत घट झाल्याने धानाच्या सिंचनाच्या उपलब्धतेवर विपरीत परिणाम झाल्याचे निदर्शनास येते.’

या वाक्याचा भार पेलणारे पूर्ण क्रियापद एकच आहे, ‘येते’, आणि ते तलाव, गाळ, शासन किंवा शेतकरी यांच्याविषयी काहीच सांगत नाही. काहीतरी कोणाच्या तरी नजरेस आले एवढेच सांगते. बाकी सगळी हालचाल उच्चाटन, हस्तांतरण, देखभाल, निश्चिती, अभाव, संचय, वाढ, घट, सिंचन, उपलब्धता आणि परिणाम या नामांत अडकून पडली आहे. ती एकेक करून सोडवली की काय होते ते पाहावे. ‘उच्चाटन’ सोडवताना अडचण नाही: भंडारा जिल्हा तेव्हाच्या मध्य प्रदेशात होता, त्या राज्याने कायदा करून १९५१ मध्ये मालगुजारी संपवली, आणि मालगुजारांच्या ताब्यातले तलाव शासनाकडे गेले. येथे कर्ता आहे, साल आहे, कायदा आहे, म्हणून ‘उच्चाटन’ हे नाम वापरले काय किंवा ‘संपवली’ हे क्रियापद वापरले काय, अर्थाचे नुकसान होत नाही. पुढे ‘देखभालीच्या जबाबदारीच्या निश्चितीच्या अभावी’ हा चार मजली पदसमूह आहे. तो सोडवताना प्रश्न उभे राहतात: पाळीची दुरुस्ती आधी कोण करवून घेत होते, गावकरी त्यासाठी श्रम देत होते की मजुरी घेत होते, शासनाकडे तलाव गेल्यावर ते काम कोणत्या विभागाकडे आले, १९६२ मध्ये जिल्हा परिषद आल्यावर लहान तलावांचे काय झाले, आणि ‘निश्चिती’ झाली नाही म्हणजे कोणी ठरवायचे होते आणि त्याने ठरवले नाही? विद्यार्थ्याला यांची उत्तरे ठाऊक असतील तर त्याने ती लिहावीत. ठाऊक नसतील तर त्याला पुन्हा महसुली कागद, गावाच्या रूढी नोंदवणारे वाजिब-उल-अर्ज आणि गावातली जाणती माणसे यांच्याकडे जावे लागेल. नामांनी बांधलेल्या वाक्याने त्याला या फेरीतून मोकळे केले होते, आणि मार्गदर्शकालाही त्याचा पत्ता लागला नव्हता. नामीकरणाचा खरा दोष हा आहे. जडपणा हे त्याचे बाहेर दिसणारे लक्षण आहे.

वाक्याचा उरलेला भाग कार्यकारणाचा आहे, आणि तेथे नामांनी आणखी एक गोष्ट दडवली आहे. ‘गाळाच्या संचयात वाढ होऊन साठवण क्षमतेत घट’ असे म्हटले की कारण सांगितल्यासारखे वाटते. पण क्रियापदांनी लिहू लागले की मधला एक दुवा सुटल्याचे लक्षात येते. पावसाच्या पाण्याबरोबर वाहून आलेला गाळ तळाशी बसतो, त्यामुळे तलाव उथळ होतो. पाण्याचा पसारा मात्र फारसा आकसत नाही. वाफ होऊन जाणारे पाणी पसाऱ्यावर अवलंबून असते, खोलीवर नसते. म्हणून पूर्वीपेक्षा कमी साठलेल्या पाण्यातून जवळजवळ पूर्वीइतकेच पाणी उडून जाते, आणि धानाला द्यायला उरणारा वाटा साठवण क्षमतेपेक्षाही अधिक प्रमाणात घटतो. म्हणजे गाळ एकदा जागा खातो आणि दुसऱ्यांदा उरलेल्या पाण्याचा मोठा हिस्सा उन्हाला देतो. हा दुसरा तोटा मूळ वाक्यात नव्हताच, आणि तो नाही हे कोणाच्या ध्यानात आले नसते, कारण ‘-मुळे’, ‘-अभावी’ आणि ‘-होऊन’ यांनी सगळे दुवे सारखेच पक्के असल्याचा भास निर्माण केला होता.

कर्ता गळण्याचे याहून ठळक उदाहरण जिल्ह्याच्या इतिहासलेखनात आढळते. ‘गोंड राजवटीच्या काळात या भागात तलावांची निर्मिती झाली’ असे वाक्य शुद्ध आहे, भारदस्त आहे, आणि त्यात तलाव बांधणारे नाहीत. या भागातल्या तलावबांधणीचे श्रेय परंपरेने ज्या कोहळी समाजाला दिले जाते, त्याला वाक्यात जागाच उरली नाही, कारण ‘निर्मिती’ या नामाला कर्ता सांगितलाच पाहिजे असे बंधन नाही. ‘बांधले’ हे क्रियापद लिहिणाऱ्याला ‘कोणी?’ असे विचारल्यावाचून पुढे जाऊ देत नाही. नावे घेण्याचे टाळायचे असेल तर नामीकरणासारखा सोयीचा आडोसा नाही, हे शासकीय पत्रव्यवहार लिहिणाऱ्यांना पूर्वीपासून ठाऊक आहे. विद्यापीठीय लेखनाने तो त्यांच्याकडून उसना घ्यावा, हे तितकेसे शोभत नाही.

असे असूनही नामीकरण हवे कशाला, याचे उत्तर वरच्या गाळाच्या उताऱ्यातूनच मिळते. तलाव उथळ कसा होतो हे एकदा क्रियापदांनी सांगून झाल्यावर पुढच्या प्रत्येक वाक्यात ती साखळी पुन्हा सांगणे शक्य नाही. तेथे ‘हे उथळ होणे’ किंवा सरळ ‘उथळपणा’ असे नाम घेऊन त्याच्याविषयी पुढचे विधान करता येते: तो कोणत्या तालुक्यात अधिक आहे, कोणत्या तलावात मोजला, गाळ काढल्यावर किती वर्षांनी परत आला. ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ एम. ए. के. हॅलिडे यांनी विज्ञानाच्या इंग्रजीचा अभ्यास करताना हेच दाखवले, की आधीच्या वाक्यात क्रिया म्हणून आलेली गोष्ट पुढच्या वाक्यात वस्तू म्हणून उचलली जाते आणि युक्तिवाद पायरीपायरीने वर चढतो. एखादी क्रिया वस्तूच्या रूपात मांडण्याच्या या प्रकाराला त्यांनी व्याकरणिक रूपक असे नाव दिले. क्रम मात्र ध्यानात घ्यावा लागतो: आधी क्रिया, मग वस्तू. मराठी प्रबंधांत वस्तू पहिल्याच वाक्यात अवतरते आणि क्रिया कधी येतच नाही.

दुसरे हक्काचे स्थान मोजमापाचे. ‘साठवण क्षमता’, ‘बाष्पीभवन’, ‘सिंचनक्षेत्र’ ही नामे ज्या अर्थी व्याख्या करून, एकक ठरवून वापरली जातात, त्या अर्थी ती क्रियापदांच्या रूपात परत नेण्याचा आग्रह धरणे हा नुसता हट्ट ठरेल. तक्त्याच्या स्तंभाला ‘किती पाणी कमी झाले’ असे शीर्षक देता येते, पण ‘बाष्पीभवन’ अधिक नेमके आहे, कारण ते पाझरून गेलेले पाणी वगळते. शीर्षकांनाही हाच न्याय लागू आहे. शीर्षक हे वाक्य नसल्याने ते नामांचेच असणार.

तिसरी गोष्ट नामे निवडण्याची. क्रियेची नामे मराठीला संस्कृतातूनच आणावी लागतात, असे नाही. ‘-णी’ प्रत्ययाने पेरणी, कापणी, मळणी झाल्या, ‘-ती’ने गळती आणि भरती झाल्या, ‘-प’ने वाटप आणि कांडप झाले, वाढ, घट, मोड, तोड यांना तर प्रत्ययही लागला नाही. भंडाऱ्यात धानाचे पऱ्हे उपटून चिखल केलेल्या बांधीत लावण्याच्या कामाला रोवणी म्हणतात, आणि हा शब्द नामीकरणच आहे, तोही एका ठरावीक कामासाठी घट्ट बसलेला. विद्यार्थ्याने ‘रोवणी लांबली’ असे लिहिले असता त्याचे ‘रोपांच्या पुनर्लागवडीस विलंब झाला’ असे केल्याने शास्त्रीयता वाढत नाही. उलट एका नेमक्या नामाची जागा दोन सैल नामे घेतात आणि ‘लांबली’ या जिवंत क्रियापदाचे ‘विलंब झाला’ होते. महाराष्ट्राच्या इतर भागांतील वाचकासाठी रोवणी म्हणजे काय ते पहिल्या वेळी एका वाक्यात सांगावे आणि पुढे तोच शब्द चालवावा. ‘-ईकरण’ या प्रत्ययाबाबतही थोडे तारतम्य हवे. जे आधी तसे नव्हते ते तसे करणे, असा त्याचा नेमका अर्थ आहे; खोल नसलेला नाला खोल केला तर ‘खोलीकरण’ चालते, मराठी विशेषणाला संस्कृत प्रत्यय लागल्याबद्दल नाक मुरडण्याचे कारण नाही. पण पूर्वीच मजबूत असलेल्या पाळीची नुसती डागडुजी झाली असता ‘मजबुतीकरण झाले’ असे लिहिणे ही शैलीची नव्हे, वस्तुस्थितीची चूक आहे.

वस्तुस्थितीचाच प्रश्न ‘पुनर्वसन’ या नामाबाबत अधिक गंभीर होतो. पवनी तालुक्यात वैनगंगेवर उभ्या राहिलेल्या गोसीखुर्द प्रकल्पाची पायाभरणी १९८८ मध्ये झाली, आणि तेव्हापासून बुडीत क्षेत्रातील गावांविषयी लिहिताना ‘पुनर्वसन झाले’ किंवा ‘पुनर्वसन प्रलंबित आहे’ असे म्हणण्याची रीत पडली. कायद्यात आणि योजनेत या नामाला व्याख्या असल्याने ते टाळता येणार नाही, टाळूही नये. परंतु भूखंड मिळाला, मोबदला जमा झाला, घर बांधले, लोक राहायला गेले, नळाला पाणी आले, या पाच वेगवेगळ्या वेळी घडणाऱ्या पाच क्रिया त्या एका नामाच्या पोटात आहेत. कोणत्या गावाबाबत यांपैकी काय झाले हे एकदा क्रियापदांनी नोंदवल्यावाचून ‘झाले’ असे लिहिणे म्हणजे कार्यालयाच्या भाषेवर संशोधनाचा शिक्का मारणे होय.

आता ‘-ण्यात येणे’ या रचनेविषयी, कारण तिचा उपद्रव सर्वांत अधिक आहे आणि ती नामीकरण म्हणून ओळखूही येत नाही. ‘मुलाखती घेण्यात आल्या’, ‘तलावांची निवड करण्यात आली’, ‘निष्कर्ष काढण्यात आले’ यांत मूळ क्रियापदाचे ‘-णे’ रूप नाम होऊन सप्तमीत बसते, आणि वाक्य चालवायला ‘येणे’ हे दुसरेच क्रियापद आणले जाते. संशोधकाने ‘मी’ म्हणू नये या संकेतापोटी हे घडते. तो संकेत पाळूनही ‘प्रस्तुत अभ्यासात वीस तलाव निवडले आहेत, निवडताना प्रत्येक तालुक्यातले दोन तरी तलाव यावेत असे पाहिले आहे’ अशी कर्मणी वाक्ये लिहिता येतात, आणि ती ‘करण्यात आली’पेक्षा छोटी असून अधिक सांगतात. संशोधनपद्धतीच्या प्रकरणात ही रचना फार तर कंटाळवाणी होते, कारण तेथे कर्ता संशोधकच असल्याचे वाचकाला माहीत असते. शिफारशींच्या प्रकरणात मात्र ती निरुपयोगी होते. ‘तलावांतील गाळ काढण्यात यावा’ ही शिफारस कोणालाच उद्देशून नाही. ती वाचून कोणत्याही कार्यालयातला कोणीही खुर्चीतून उठणार नाही. ‘जिल्हा परिषदेच्या लघु पाटबंधारे विभागाने आपल्या ताब्यातील तलावांचा गाळ पाणी आटल्यावर, पावसाळ्यापूर्वी काढावा, काढलेला गाळ कोणाच्या शेतात टाकायचा हे ग्रामसभेने आधी ठरवावे, आणि दुसऱ्या वर्षी रोवणीच्या वेळी तलावात किती पाणी होते ते त्याच विभागाने नोंदवावे’ असे लिहिले तर विद्यार्थ्याला तोंडी परीक्षेत अडचणीचे प्रश्न विचारले जातील: गाळ काढणारे यंत्र पाळीवरून आत उतरते का, तलावातल्या मासेमारीचे काय, ग्रामसभा ठरवू शकली नाही तर? ‘काढण्यात यावा’ला असा एकही प्रश्न विचारता येत नाही. येत्या सत्रात मसुदे तपासताना निदान शिफारशींचे प्रकरण तरी या दृष्टीने वाचून, जेथे ‘यावा’ आढळेल तेथे समासात ‘कोणी?’ एवढेच लिहावे, ही विनंती.

कळावे.

आपला,
जिल्ह्यातील प्रबंधांचा एक नियमित वाचक